खारीला गाडी लागते

खारीला गाडी लागते. घाटबीट दूरच राहिला, ठाण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर दोन स्पीडब्रेकर झाले की ती ओठ चाटायला लागते, मग जांभया, मग हनुवटीवरून लाळेची तार, आणि माजिवड्याचा पूल येईतो सीटवरच्या चादरीचं काम झालेलं असतं. अशा कुत्रीला घेऊन चंद्रपूरला कायमचं राहायला जायचं होतं. नवऱ्याची बदली झाली होती, तो आधीच तिकडे रुजू झाला होता. मागे राहिलो होतो मी, सासरे आणि अठरा किलोची ही देशी, खारी बिस्किटाच्या रंगाची.

आमच्याकडे दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळा रस्ता कारने, समृद्धीवरून नागपूर आणि पुढे चंद्रपूर. दुसरी म्हणजे मुंबईहून नागपूरपर्यंत रात्रीची रेल्वे आणि तिथून शेवटचे दीडशे किलोमीटर कारने. अण्णा, म्हणजे सासरे, पहिल्या वाटेच्या बाजूचे. कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचं तिकीट काढायचं हे त्यांना काही केल्या पटेना. "अगं, थर्ड एसीत खालच्या बर्थवर चादर टाकून झोपवू तिला. कोण बघतंय?"

बघतात. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार, कुठेही मोठं कुत्रं सोबत नेता येत नाही. सापडलं तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते आणि त्याची रवानगी ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात. टोपलीत मावणाऱ्या पिल्लाला तेवढी सूट आहे. अठरा किलोची खारी टोपलीत मावायची नाही.

निर्णय शेवटी डॉक्टरांशी बोलल्यावर झाला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "गाडी उभी असताना ती काय करते?" हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून तिला मागच्या सीटवर बसवलं. पाचेक मिनिटांत लाळ सुरू. गाडी तसूभरही हललेली नव्हती.

यावरून डॉक्टरांनी उलगडून सांगितलं ते असं. गाडी लागण्याचं मूळ कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असतं. शरीर स्थिर बसलेलं, डोळ्यांना सीटची पाठ दिसतेय, आणि कान म्हणतोय आपण वळतोय, थांबतोय, पुन्हा निघतोय. मेंदूला ते जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. पिल्लांमध्ये हा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून पिल्लांना गाडी जास्त लागते आणि पुष्कळांची मोठेपणी आपोआप थांबते. पण लहानपणी दरवेळी उलटी झालेली असेल तर कुत्र्याच्या डोक्यात गाडी आणि मळमळ यांची गाठ पक्की बसते. कान सुधारला तरी भीती उरते. उभ्या गाडीत लाळ गळते ती भीतीची. उभ्या गाडीत मजेत असलेलं कुत्रं दहा-पंधरा मिनिटांच्या वळणावळणांनंतर लाळ गाळू लागलं तर ती कानाची. खारीत दोन्ही होतं. गोळी फक्त कानाच्या त्रासावर चालणार होती, भीतीला वेळच द्यावा लागणार होता.

आमच्या हातात काही आठवडे होते. तिचं संध्याकाळचं जेवण पार्किंगमध्ये उभ्या गाडीत द्यायला लागलो. आधी दारं उघडी ठेवून, मग लावून. ती निवांत खायला लागल्यावर इंजिन सुरू, पण गाडी जागेवरच. मग फाटकापर्यंत जाऊन परत. इथे घाई करायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. एका पायरीवर लाळ आली की मागच्या पायरीवर जायचं. तिकीट काढायची वेळ आली तोवर खारी उभ्या गाडीत स्वतःहून उडी मारून चढायला लागली होती. चालत्या गाडीत मात्र अजूनही ओठ चाटायची. पण दहा-अकरा तास कारमध्ये काढण्याइतकी तयारी झालेली नव्हती हे अण्णांनाही दिसत होतं. रेल्वेत अचानक ब्रेक नाही, वळण आलं तरी लांबलचक, आणि जमिनीवर पसरून झोपता येतं. "काढ बाई तुझं फर्स्ट एसी," म्हणाले.

तिकिटाची गंमत अशी, की फर्स्ट एसीत कुत्रं न्यायला परवानगी असली तरी तिकीट काढताना आपल्याला कुठली जागा मिळणार हे कळत नाही. फर्स्ट एसीत दोन प्रकारच्या खोल्या असतात. चार बर्थची ती केबिन, दोन बर्थचा तो कूपे. तिकिटावर फक्त डब्याचा वर्ग येतो, खोली ठरते चार्ट लागताना. कूपे पूर्ण आपला असेल तर कुणाला विचारायचा प्रश्न नाही. केबिनमध्ये अनोळखी दोघं असतील तर त्यांची संमती लागते. ते नको म्हणाले तर कुत्र्याला ब्रेक व्हॅनमध्ये हलवतात आणि पैसे परत मिळत नाहीत. म्हणून एकट्याने कुत्रं न्यायचं असलं तरी लोक दोन तिकिटं काढतात, एकाच पीएनआरवर. आम्ही दोघं होतोच.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पहिल्याच दिवशी काढलं. गाडी निवडली सीएसएमटीहून रात्री सुटणारी नागपूर दुरांतो. कारणं तीन, आणि तिन्ही खारीची. एक, ती मुंबईतच सुरू होते, त्यामुळे फलाटावर उभी असताना शांतपणे चढता येतं. ठाणे-कल्याणला दोन-चार मिनिटांच्या थांब्यात कुत्रं, सामान आणि ब्याहत्तर वर्षांचे अण्णा एकदम चढवणं मला झेपलं नसतं. दोन, ती नागपूरलाच संपते, उतरतानाही तीच निवांतता. तीन, ती रात्रभराची आहे. मोठं झालेलं कुत्रं रात्री झोपेत आठ-दहा तास लघवी सहज धरतं. तेच तास दिवसा काढायचे म्हटलं तर फलाट शोधत बसावं लागतं.

कूपे मिळावा म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे साधा अर्ज द्यायचा असतो. पीएनआर, गाडी, तारीख, सोबत कुत्रं आहे म्हणून दोन बर्थचा कूपे द्यावा, एवढंच. लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत जोडली. प्रवासाच्या आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन तो दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. अर्ज दिला म्हणजे कूपे मिळालाच असं नाही. गाडीला फर्स्ट एसीचा अर्धाच डबा असेल तर कूपे जेमतेम एखादा असतो, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले बरेच असतात. म्हणून चार्ट लागेपर्यंत एका ओळखीच्या ड्रायव्हरला आम्ही थोपवून ठेवलं होतं. कूपे नाही मिळाला तर पहाटे चार वाजता कारने निघायचं, मग जे होईल ते. चार्ट लागला, कूपे मिळाला. अण्णांनी देवापुढे साखर ठेवली. खारीसाठी ठेवली हे मात्र कबूल करत नव्हते.

कागदांमध्ये खरा जीव असतो तो दोन कागदांत. एक लसीकरणाची पुस्तिका. तिच्यात रेबीजची लस चालू मुदतीतली हवी, आणि लसीच्या बाटलीचं स्टिकर व डॉक्टरांची सही शिक्क्यासकट हवी. दुसरा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला, ज्याला सगळे 'फिटनेस' म्हणतात. तो प्रवासाच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तास आधीचाच लागतो. आठवडाभर आधी घेऊन ठेवलेला चालत नाही. त्यावर कुत्र्याचं वय, लिंग, रंग, जात, संसर्गजन्य आजार नाही हा शेरा आणि पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक बऱ्याच शिक्क्यांवर पुसट उमटतो, म्हणून मी तो हाताने लिहून घेतला. जातीच्या रकान्यात डॉक्टर 'इंडी' लिहिणार होते. पुस्तिकेत आधीच 'देशी' होतं, म्हणून दाखल्यावरही तेच लिहून मागितलं. दोन कागदांवर दोन नावं दिसली की खिडकीपलीकडचा माणूस मान वर करतो.

या दोन्हीच्या, तिकिटाच्या आणि आधारच्या प्रत्येकी दोन प्रती घेऊन आम्ही गाडी सुटायच्या जवळजवळ तीन तास आधी सीएसएमटीच्या पार्सल ऑफिसात. हे बुकिंग ऑनलाइन होत नाही आणि आधीही होत नाही, कुत्रं समोर हजर लागतं. पार्सल ऑफिस म्हणजे हातगाड्या, माशांचे खोके, मोटारसायकली आणि आरडाओरडा. खारी माझ्या पायांमध्ये शिरून बसली. बाबूंनी कागद पाहिले, चार्टातला कूपे पाहिला, वाकून खारीला पाहिलं.

"चावत नाही ना?"

"नाही हो, घाबरलीय."

"मीपण," म्हणाले आणि पावती फाडली. सामानाच्या दराने आकारणी, तिकिटाच्या मानाने किरकोळ. ही पावती म्हणजे खारीचं तिकीट. टीटीईने डब्यात आधी तीच मागितली, आमचे आधार नंतर. तोंडाला बांधायची जाळी पिशवीत होती, ती फलाटावरच्या गर्दीपुरती बांधली.

आता गोळीचं. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत कारनेच यायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरहून पुन्हा कार. डॉक्टरांनी मॅरोपिटंट दिलं होतं. हे मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला जाणारा निरोप अडवतं आणि एका डोसचा परिणाम साधारण चोवीस तास राहतो. निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यायचं. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास दिलं की संध्याकाळची टॅक्सी, रात्रीची रेल्वे आणि सकाळची कार, सगळं एकाच गोळीत बसत होतं. ती अगदी उपाशीपोटी द्यायची नाही, नाहीतर गोळीनेच उलटी होते. भरल्या पोटीही नाही. सकाळी नेहमीचं जेवण, मग गोळीसोबत भाकरीचे दोन घास, पुढे नागपूरपर्यंत काही नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. पोट बिघडल्यावर उलटी थांबवायला हेच औषध देतात, पण त्याचा डोस किलोला दोन मिलिग्रॅम असतो. गाडी लागण्यासाठी लागतो किलोला आठ. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असतात, त्यातली एक दिली आणि काही उपयोग झाला नाही, असं सांगणारे म्हणूनच भेटतात. आणि चौपट डोस आहे म्हटल्यावर तो डॉक्टरांनी कुत्र्याचं वजन आणि यकृत बघूनच ठरवायचा, आपण नाही. शिवाय ही गोळी उलटी थांबवते, मळमळ पूर्ण जातेच असं नाही. खारी टॅक्सीत लाळ गाळतच होती, फक्त उलटी झाली नाही. गुंगीचं औषध देऊ का, असंही मी विचारलं होतं. डॉक्टर नको म्हणाले. त्याने कुत्रं हालचाल करत नाही, पण आतली घबराट तशीच राहते, तोल आणखी जातो आणि शरीराचं तापमानही नीट सांभाळलं जात नाही.

कूपेत खालच्या बर्थपुढे जमिनीवर तिची घरची, न धुतलेली गोधडी पसरली. वास ओळखीचा हवा म्हणून न धुतलेली. गाडी हलली तेव्हा ती उठून उभी राहिली, पाय फाकवून. कल्याण मागे पडेतो बसली. मला धास्ती होती कसाऱ्याची. थळ घाट चढायला तिथे मागून जादा इंजिनं लावतात आणि ती जोडताना डब्याला चांगला हिसका बसतो. बसलाच. खारीने मान उचलली, अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी "काही नाही, काही नाही" म्हटलं आणि ती पुन्हा आडवी झाली. इगतपुरीनंतर घोरत होती.

पाण्याचा हिशेब मी आधी करून ठेवला होता. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण पन्नास मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे खारीला जवळपास एक लिटर. प्रवासात ते एकदम प्यायला मिळालं की पोट फुगतं आणि उलटी होते. अजिबात दिलं नाही तर एसीच्या कोरड्या हवेत आणि लाळेतून जातं ते भरून निघत नाही. म्हणून दर दीड-दोन तासांनी चहाच्या कपाएवढं. भांडं सपाट बुडाचं, पाव भरलेलं, आणि पाणी घरचंच, कारण बाटलीच्या पाण्याला खारी नाक लावते आणि निघून जाते. रात्री दहानंतर बंद केलं. पाणी कमी पडतंय का, हे बघायला डॉक्टरांनी हिरडीला बोट लावायला शिकवलं होतं. हिरडी ओली आणि बुळबुळीत असली की ठीक. बोट चिकटायला लागलं तर पाणी द्यायचं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती लगेच जागेवर जायला हवी.

भुसावळला रात्री गाडी थांबली. अण्णा म्हणाले, "पाय मोकळे करून आणू का?" मी नाही म्हटलं. ती झोपलेली होती, हे एक. दुसरं म्हणजे फलाटावरची कुत्री. स्टेशन हा त्यांचा इलाका असतो, आणि परकं कुत्रं उतरलं की चार-पाच जण एकदम येतात. घाबरलेलं कुत्रं पट्ट्यातून मान काढून पळालं तर रुळांकडेच पळतं. दिवसाच्या गाडीने जाणाऱ्यांना उतरावंच लागतं. त्यांनी मानेचा पट्टा आणि छातीचा हार्नेस असे दोन्ही बांधून, दोन दोऱ्या घेऊन, आणि मोठ्या जंक्शनवरच उतरावं. एकाने डब्यात थांबायचं. सिग्नल बदलला की लघवी झालेली असो वा नसो, वर.

सकाळी वर्धा मागे पडल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहिली. मी शोषून घेणारा पॅड अंथरला होता, त्याच्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. नागपूरला उतरून स्टेशनच्या आवाराबाहेर पहिलं झाड येईपर्यंत तिने धरलं. मग उभी राहिली ती राहिलीच. अण्णा घड्याळ बघत होते. रंग गडद पिवळा होता, म्हणजे पाणी थोडं कमीच पडलं होतं. कपभर दिलं, दहा मिनिटांनी आणखी कपभर.

कार आली होती. ड्रायव्हर वरोऱ्याकडचे. मागच्या सीटवर हार्नेस सीटबेल्टला अडकवला, तिचं तोंड पुढे राहील असं. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं खाली आणि आतला सुगंधी डबा काढून डिकीत. त्या वासाने चांगल्या माणसांनाही उलटी येते. मार्च उजाडला होता, विदर्भातलं ऊन अकराच्या पुढे झोंबायला लागतं, म्हणून आठलाच निघालो. बुटीबोरीपर्यंत खारी ठीक होती. पुढे ओव्हरटेक सुरू झाले तसं ओठ चाटणं आलं. मी ड्रायव्हरना सावकाश घ्यायला सांगितलं, आणि खरं तर वेगापेक्षा ब्रेक महत्त्वाचा, हेही. एकसारखा वेग कुत्र्याला सोसतो, पुढच्या ट्रकच्या शेपटीला लागून दाबलेला ब्रेक सोसत नाही. त्यांनी अंतर ठेवलं. जांबच्या फाट्यावर थांबलो तेव्हा तेच म्हणाले, "ताई, कुत्रीले सावलीत फिरवून आना आधी, पानी मंग पाजा." अगदी बरोबर क्रम होता. धापा थांबायच्या आधी पाणी दिलं की ती हवेसकट ढसाढसा पिते. पंधरा मिनिटं चालवलं, धाप बसली, मग पाणी.

वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. लाळेने हार्नेस भिजला, उलटी मात्र झाली नाही. घरी पोचल्यावर लगेच जेवण दिलं नाही. तासाभराने नेहमीच्या निम्मं, दहीभात, आणि रात्री बाकीचं.

आता पुण्याहून मावसबहीण विचारतेय, तिला तिचा पग मे महिन्यात आमच्याकडे आणायचाय, फर्स्ट एसीत जागा नाही, ब्रेक व्हॅनमधल्या कुत्र्याच्या पेटीत टाकला तर चालेल का. तिला फोनवर सरळ नाही म्हटलं. ती पेटी अरुंद आणि अंधारी असते, तिथे एसी नसतो, पाणी द्यायला मोठ्या थांब्यावर आपणच डब्यातून उतरून धावत जायचं असतं. पगचं नाक चपटं, धापा टाकून अंग थंड करायची त्याची ताकद मुळातच तोकडी. थंडीत, धडधाकट देशी कुत्रं असेल तर एक वेळ विचार करता येईल. मे महिन्यात पग नको. तिला म्हटलं, नोव्हेंबरात ये, आणि सप्टेंबरातच दोन तिकिटं काढ, एका पीएनआरवर.